टीप पाहा, शेवटचं पान

हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाचा चौथा अहवाल २००७ साली आला. त्याच्या दुसऱ्या खंडातलं दहावं प्रकरण आशियाबद्दल होतं आणि त्यात हिमालयातल्या हिमनद्यांवर एक छोटा भाग होता. तापमानवाढीचा सध्याचा वेग राहिला तर या हिमनद्या २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीच, नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असं त्यात लिहिलं होतं. पुढच्याच वाक्यात, त्यांचं क्षेत्रफळ पाच लाख चौरस किलोमीटरवरून २०३५ पर्यंत एक लाखावर येईल, असं होतं. शेवटी कंसात रीतसर संदर्भ: डब्ल्यूडब्ल्यूएफ, २००५.

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून सावकाश वाचली, तर २०३५ साली हिमनद्या संपलेल्याही असतात आणि एक लाख चौरस किलोमीटर उरलेल्याही असतात. पण हे कुणाला खटकलं नाही, कारण वाक्याच्या शेवटी संदर्भ होता. संदर्भ दिसला की वाचणाऱ्याचा हात सैल पडतो.

गंमत पुढेच आहे. त्याच भागाच्या सुरुवातीला हिमालयातल्या हिमनद्यांचं क्षेत्र सुमारे ३० लाख हेक्टर असल्याचं म्हटलं होतं. शंभर हेक्टरांचा एक चौरस किलोमीटर होतो. म्हणजे ३० लाख हेक्टर म्हणजे ३० हजार चौरस किलोमीटर. काही ओळींनंतर तोच बर्फ पाच लाख चौरस किलोमीटरचा झाला, दीड महाराष्ट्राहूनही मोठा. एक आकडा हेक्टरमध्ये आणि दुसरा चौरस किलोमीटरमध्ये असल्यामुळे सोळापटीहून जास्त तफावत डोळ्यांसमोर असूनही लपून राहिली. जवळच्याच तक्त्यात पिंडारी हिमनदी १२१ वर्षांत २,८४० मीटर मागे हटल्याची नोंद होती आणि वार्षिक वेग दिला होता १३५.२ मीटर. भागाकार करून पाहिला तर उत्तर साडेतेवीस मीटर येतं. १२१ ऐवजी २१ ने भागलं तरच १३५.२ मिळतात.

नंतर अभ्यासकांनी त्या कंसाचा माग काढला. डब्ल्यूडब्ल्यूएफचा २००५ चा अहवाल हे काही हिमनद्यांवरचं मूळ संशोधन नव्हतं. त्यातलं २०३५ हे साल ‘न्यू सायंटिस्ट’ या साप्ताहिकातल्या १९९९ च्या एका बातमीवरून आलं होतं, आणि ती बातमी एका अभ्यासकाशी झालेल्या बोलण्यावर बेतलेली होती. पाच लाखांचे एक लाख होण्याचा हिशेब मात्र आणखी मागे, १९९६ च्या युनेस्कोच्या एका प्रकाशनात सापडला. तिथे रशियन शास्त्रज्ञ कोतल्याकोव्ह यांनी ध्रुवीय प्रदेश वगळून साऱ्या जगातल्या हिमनद्यांबद्दल अंदाज केला होता. साल होतं २३५०.

दरम्यान नोव्हेंबर २००९ मध्ये भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचं हिमालयातल्या हिमनद्यांवरचं टिपण केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केलं. हिमनद्या विलक्षण वेगाने आटत असल्याचा पुरावा दिसत नाही, असं त्यात होतं. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी ते उडवून लावलं. दोन महिन्यांनी, २० जानेवारी २०१० रोजी, आयपीसीसीलाच निवेदन काढून तो परिच्छेद पुरेशा आधाराविना लिहिला गेल्याचं मान्य करावं लागलं. हिमनद्या वितळत आहेत, याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये वाद नव्हता. वाद झाला तो एका सालाबद्दल. पण पुढचे कित्येक महिने जगभर चर्चा त्या सालाचीच झाली आणि हवामान बदलाला थोतांड म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. धोरणकर्त्यांसाठी काढलेल्या छोट्या सारांशात हे वाक्य नव्हतंच. तरी तो सारांशही त्या धुरळ्यात सापडला.

ही हकिकत जुनी झाली असली तरी ‘पॉलिसी ब्रीफ’ लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा नीट ऐकावी अशी आहे. पॉलिसी ब्रीफ म्हणजे धोरण-टिपण: एखादा प्रश्न काय आहे, त्याबद्दल काय माहीत आहे आणि काय करता येईल, हे निर्णय घेणाऱ्या माणसाला दोन-चार पानांत सांगणारा कागद. अभ्यासकांसाठी लिहिलेल्या लेखात संदर्भ ओळीओळीला येतात आणि वाचणाऱ्याला त्याची सवय असते. धोरण-टिपण वाचणारा मात्र जिल्हा परिषदेचा सदस्य असतो, आमदार असतो, खात्याचा अधिकारी किंवा पत्रकार असतो. त्याच्याकडे वेळ असतो चहा येईपर्यंतचा. कॅनडातल्या आरोग्यसेवा संशोधनाच्या एका प्रतिष्ठानने यासाठी १:३:२५ असं माप रूढ केलं: एक पान मुख्य मुद्दे, तीन पानं सारांश, पंचवीस पानं अहवाल. बहुतेकांचं वाचन पहिल्या एका पानातच संपतं, हे त्या मापामागचं व्यवहारज्ञान.

पण त्या एका वाचणाऱ्याच्या मागे दुसरा एक वाचणारा उभा असतो. सदस्याने सभेत आकडा फेकला की समोरचा विचारतो, “हे कुठून आणलं?” मग प्रश्न कक्ष अधिकाऱ्याकडे जातो, विरोधी बाकावरच्या सदस्याच्या सहायकाकडे जातो, वार्ताहराकडे जातो. या माणसाला गोष्ट वाचायची नसते, तपासायची असते. पहिल्यासाठी वाक्य मोकळं हवं आणि दुसऱ्यासाठी पुरावा हाताशी हवा. दोघांना एकाच ओळीत बसवायला गेलं की वाक्य कंसांनी भरून जातं आणि पहिला वाचणारा दुसऱ्या परिच्छेदातच पान मिटतो. म्हणून धोरण-टिपणात अंत्यटीपा वापरतात. वाक्याच्या शेवटी बारीक आकडा, आणि त्या आकड्याचा जाब शेवटच्या पानावर. दिल्लीची ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’ ही संस्था २००५ पासून संसदेपुढच्या विधेयकांवर खासदारांसाठी अशीच टिपणं काढते: पहिल्या पानावर कळीचे मुद्दे, मध्ये विवेचन, आणि अखेरीस बारीक अक्षरात टीपांची रांग.

महाराष्ट्रातल्या सरकारी वाचकाला ही कल्पना परकी नाही. कोणताही शासन निर्णय उघडला तर वर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ असं लिहून आधीचे निर्णय क्रमांक आणि दिनांकासह मांडलेले असतात, मग प्रस्तावना आणि मग निर्णय. साध्या सरकारी पत्रातही विषयाच्या खाली संदर्भाची ओळ असते. या माणसाला संदर्भ म्हणजे लेखकाचं नाव आणि साल असं वाटत नाही. त्याच्या लेखी संदर्भ म्हणजे कोणता कागद, कितवा क्रमांक, कुठली तारीख. धोरण-टिपणाची अंत्यटीप त्याच वळणाने लिहिली तर तो ती वाचतो. ‘तत्रैव’, ‘उपरोक्त’ अशी विद्यापीठी परिभाषा दिसली की मात्र हे आपल्यासाठी नाही, असं त्याला वाटतं, आणि त्याचं चूकही नाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, एका जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीसाठी लहान मुलांमधल्या रक्तक्षयावर चार पानांचं टिपण करायचं आहे. हाताशी आहे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी. त्यात महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिने वयाच्या मुलांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण ६८.९ टक्के दिलं आहे. चौथ्या फेरीत ते ५३.८ होतं.

पहिला कच्चा खर्डा बहुधा संशोधन साहाय्यक लिहितो आणि तो असा असतो: ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार राज्यातील ६ ते ५९ महिने वयोगटातील ६८.९ टक्के बालकांमध्ये उंचीनुसार समायोजित हिमोग्लोबिनची पातळी ११.० ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आढळून आली असून सर्वेक्षण-४ (२०१५-१६) च्या तुलनेत त्यात १५.१ टक्केबिंदूंची वाढ झाली आहे.’ यात एकही चूक नाही. पण हे वाक्य सभेत कुणी मोठ्याने वाचू शकणार नाही, आणि ‘उंची’ म्हणजे मुलाची उंची की समुद्रसपाटीपासूनची, हा गोंधळ वर फुकट. (समुद्रसपाटीपासूनची. उंच प्रदेशात राहणाऱ्यांचं हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं, म्हणून ती दुरुस्ती करतात.)

मग खर्डा संपादन करणाऱ्याकडे जातो आणि परत येतो तो असा: ‘राज्यातली ७० टक्के बालकं रक्तक्षयाच्या विळख्यात! चार वर्षांत २८ टक्क्यांनी वाढ.’ वाचायला सोपं, आणि २८ टक्केही गणिताने बरोबरच आहेत, कारण ५३.८ वर १५.१ म्हणजे २८ टक्के. पण ‘२८ टक्क्यांनी वाढ’ ऐकणारा मनात ५३.८ मध्ये २८ मिळवतो आणि ८२ काढतो. ‘टक्केबिंदू’ म्हणावं तर तो शब्द अर्ध्या लोकांना ठाऊक नाही. त्यापेक्षा सरळ ‘शंभरातल्या ५४ मुलांमध्ये होता, तो आता ६९ मुलांमध्ये आढळला’ असं लिहिलं, की टक्केही नकोत आणि बिंदूही नकोत. अकरा ग्रॅमची मर्यादा, वयाची व्याख्या, उंचीची दुरुस्ती, प्रकाशनाचं पूर्ण नाव हे सगळं निमूटपणे शेवटच्या पानावर जातं.

इथपर्यंत काम सोपं आहे. खरा पेच याच्या पुढे येतो. त्याच सुमाराला, २०१६ ते २०१८ मध्ये, देशात मुलांच्या पोषणाचं आणखी एक मोठं सर्वेक्षण झालं, सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण. देशपातळीवर कुटुंब सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत रक्तक्षयाचं प्रमाण सुमारे ५९ टक्के आणि पाचव्या फेरीत ६७ टक्के आलं. मधल्या या पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये ते ४१ टक्के होतं. म्हणजे ५९, मग ४१, मग ६७. देशातल्या मुलांचं रक्त दोन-तीन वर्षांत असं खाली-वर होत नसतं.

वयोगटात थोडा फरक आहे, पण मोठा फरक सुईत आहे. कुटुंब सर्वेक्षणाच्या या फेऱ्यांत मुलाच्या बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतलं आणि हातात मावणाऱ्या यंत्रावर लगेच मोजलं. थेंब नीट आला नाही की बोट दाबलं जातं, पेशींभोवतालचं पाणी रक्तात मिसळतं आणि हिमोग्लोबिन आहे त्याहून कमी दिसू शकतं. पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त काढून ते प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तपासलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना शिरेतल्या रक्तालाच प्राधान्य देतात. शिवाय त्यांनी सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांसाठीची मर्यादा ११ ग्रॅमवरून साडेदहावर आणली आहे. म्हणजे मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो, आणि मोजपट्टीच बदलली की पुन्हा बदलतो.

मग सुईबद्दलचं हे सगळं मजकुरात लिहायचं की टीपेत?

बहुतेक टिपणांत ते टीपेत जातं. ‘मोजणीच्या पद्धतीबाबत मर्यादांसाठी टीप क्र. ४ पाहा.’ लिहिणाऱ्याला प्रामाणिक राहिल्याचं समाधान मिळतं आणि मजकूर स्वच्छ राहतो. पण समिती शेवटचं पान उघडणार नाही, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. या समितीपुढचा निर्णय काय आहे? समजा, तालुक्यातालुक्यात बोटाच्या रक्तावर चालणारी यंत्रं घेऊन मुलांची तपासणी मोहीम काढायची की तो पैसा लोहाचं सिरप आणि अंगणवाडीतल्या आहाराकडे वळवायचा. या निर्णयात सुईचा फरक हाच कळीचा मुद्दा आहे. तो कळला तर समितीचं मत बदलू शकतं. म्हणून तो मजकुरातच हवा, आणि तो दोन वाक्यांत येतो: ‘हा आकडा बोटातून घेतलेल्या रक्ताचा आहे. शिरेतल्या रक्तावर झालेल्या दुसऱ्या सर्वेक्षणात देशपातळीवर प्रमाण बरंच कमी, शंभरात ४१, आढळलं होतं.’ सर्वेक्षणांची नावं, वर्षं, वयोगट, यंत्राचा प्रकार हे टीपेत. वाटणीची कसोटी अशी साधी आहे: शेवटचं पान फाटून गेलं तर वाचणारा चुकीचा निर्णय घेईल का? घेणार असेल, तर ती गोष्ट शेवटच्या पानावर ठेवणं म्हणजे लपवणंच.

आपल्या मुद्द्याला अडचणीची वाटणारी गोष्ट टीपेत ढकलण्याचा मोह इथे फार होतो. ६८.९ हा आकडा ठसठशीत आहे, निधी मागायला सोयीचा आहे. ४१ शेजारी आला की जोर कमी होतो असं वाटतं. पण उद्या कुणी ४१ काढून दाखवला, तर ६८.९ चा जोर संपतोच आणि संस्थेचा शब्दही हलका होतो. शंभरातल्या ४१ मुलांचा रक्तक्षय हा काही लहान प्रश्न नाही, आणि टिपणाने तेच म्हणावं.

दुसरी खाच जिल्ह्याच्या आकड्यात आहे. समितीला राज्याचा आकडा नको असतो. “आपल्या जिल्ह्याचं सांगा,” असंच कुणीतरी म्हणणार. सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकं मिळतात, पण त्यात काही आकडे कंसात छापलेले असतात आणि काही ठिकाणी आकड्याऐवजी नुसती फुली असते. तो कंस शोभेचा नाही. नमुन्यात त्या बाबीसाठी जेमतेम २५ ते ४९ जण सापडले तर आकडा कंसात छापतात. २५ पेक्षाही कमी सापडले तर आकडा देतच नाहीत, फुली मारतात. स्तनपान किंवा अतिसारावरचे उपचार अशा, थोड्याच मुलांना लागू पडणाऱ्या ओळींत हे हमखास दिसतं. पत्रकातून एक्सेलमध्ये उतरवताना कंस गळतो, एक्सेलमधून टिपणात येताना आकडा तेवढा राहतो, आणि तीस मुलांवरून काढलेली टक्केवारी साऱ्या जिल्ह्याची होऊन बसते. हिमनद्यांच्या बाबतीत झालं ते थोड्याफार फरकाने हेच. एका कागदावरून दुसऱ्यावर जाताना शंका गळत गेली आणि आकडा उरला.

म्हणून टीप लिहिणाऱ्याचा पहिला नियम: ज्या कागदात आकडा जन्मला तोच उघडायचा. वर्तमानपत्रातल्या बातमीत ६८.९ वाचून टीपेत सर्वेक्षणाचं नाव टाकणं हा खोटेपणा आहे, मग आकडा बरोबर का असेना. मूळ कागद मिळालाच नाही तर ‘अमुक अहवालात उद्धृत’ असं स्पष्ट लिहावं. वाचणाऱ्याला निदान कळतं की साखळीत मध्ये एक कडी आहे. टीपेत पुस्तकाचं किंवा अहवालाचं नाव पुरत नाही, कारण सहाशे पानांचा अहवाल तपासणाऱ्याला कुणी वेळ देत नाही. तक्त्याचा क्रमांक आणि पान हवं. आयपीसीसीच्या सारांशात प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी कंसात मूळ अहवालातल्या प्रकरणाचा आणि भागाचा क्रमांक असतो. सारांशातल्या वाक्यावरून थेट त्या भागापर्यंत जाता येतं.

नुसती लिंक ही टीप नव्हे. हार्वर्डच्या अभ्यासकांनी तपासलं तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतल्या निम्म्या लिंकांवर मूळ मजकूर सापडत नव्हता. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळाची रचना बदलली की जुने पत्ते एका रात्रीत मोडतात. शासन निर्णयाच्या खाली लांबलचक संकेतांक छापलेला असतो; तो दिला, तर पत्ता मोडला तरी कागद सापडतो.

आणि जे छापलेलंच नाही त्याचं काय? चार अंगणवाडी सेविकांनी सांगितलं की सिरप येतं पण मुलं उलटी करतात म्हणून आया ते देत नाहीत. ही माहिती कुठल्याही तक्त्यात नाही आणि टिपणातली सगळ्यात उपयोगी ओळ कदाचित तीच आहे. तिचीही टीप होते: किती जणींशी, कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात बोलणं झालं. नावं नाहीत, गावंही नाहीत, कारण लहान गावात सेविका एकच असते आणि गावाचं नाव म्हणजे तिचंच नाव. मजकुरातही ‘सेविका सांगतात’ असं न लिहिता ‘बोललेल्या चार सेविकांनी सांगितलं’ असं लिहावं. चारचं ‘सगळ्या’ व्हायला एक शब्द गळण्याचीच देर असते.

चार पानांना किती टीपा असाव्यात याचं ठरलेलं माप नाही, पण पानाला चार-पाच झाल्या की पान पुरळ उठल्यासारखं दिसू लागतं. लोह कमी पडलं की रक्तक्षय होतो, याला टीप नको. आकडा, वादाचा मुद्दा, कायदा किंवा शासन निर्णय, दुसऱ्याचं मत, एवढ्यांना हवी. एका परिच्छेदातले तिन्ही आकडे एकाच तक्त्यातले असतील तर परिच्छेदाच्या शेवटी एकच टीप पुरते.

यानंतर राहतो तो छपाईचा भाग, आणि मराठी टिपणांची खरी फजिती तिथेच होते. वर्डमध्ये Ctrl+Alt+D दाबलं की अंत्यटीप तयार होते, पण तिचे क्रमांक आपोआप i, ii, iii असे रोमन येतात. ते सेटिंगमध्ये जाऊन बदलावे लागतात. बदलले तरी ‘६८.९²’ असं छापलं की दोन हा टीपेचा आहे की घाताचा, हा प्रश्न पडतो. ‘२०२०³’ तर सालच विचित्र दिसतं. म्हणून टीपेचा आकडा संख्येला कधी चिकटवू नये. वाक्य असं फिरवावं की शेवटी शब्द येईल, आणि पूर्णविरामानंतर आकडा द्यावा. मग फाइल डीटीपीवाल्याकडे जाते. तो युनिकोड मजकूर आपल्या फॉन्टमध्ये बदलून घेतो, आणि त्या बदलात वर्डने टीपा आणि क्रमांक यांच्यात बांधलेली गाठ सुटते. आता क्रमांक ही नुसती हाताने बसवलेली अक्षरं. तिसऱ्या पानावरचा एक परिच्छेद जागेअभावी उडवला की त्याच्यासोबत टीप सात उडते, पण शेवटच्या पानावर सात तशीच राहते, आणि पुढची प्रत्येक टीप एका घराने चुकते. रक्तक्षयाच्या आकड्याखाली मग रोजगार हमीचा शासन निर्णय दिसतो. शेवटचं प्रूफ मजकुरासाठी न वाचता फक्त टीपांसाठी वाचावं: बोट एका क्रमांकावर, डोळा शेवटच्या पानावर. पंधरा टीपांना वीस मिनिटं पुरतात.

टिपण आता बहुतेकांकडे व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन जातं. मोबाइलवर तो बारीक क्रमांक दिसतच नाही, आणि शेवटच्या पानावर गेलेला माणूस परत मूळ ओळीवर येत नाही. त्यावर एक उपाय आहे. प्रत्येक टीपेच्या सुरुवातीला ती कशाबद्दल आहे ते दोन शब्दांत ठळक छापायचं, जसं ‘शंभरातल्या ६९ मुलांचा आकडा’ किंवा ‘शिरेतल्या रक्ताची तपासणी’. मग टीपांचं पान सुटं वाचलं तरी अर्थ लागतो, आणि झेरॉक्समध्ये क्रमांक पुसला गेला तरी अडत नाही.

टिपण बाहेर पाठवण्याआधी दोन माणसांवर करून पाहण्यासारखी एक परीक्षा आहे. एकाला टीपांचं पान काढून घेऊन टिपण द्यायचं आणि वाचून झाल्यावर काय समजलं ते सांगायला लावायचं. त्याने ४१ चा उल्लेखही केला नाही, तर ते वाक्य मजकुरात असूनही दबलेलं आहे. दुसऱ्याला उलट, फक्त टीपा द्यायच्या आणि त्यातले कोणतेही तीन आकडे मूळ कागदात शोधायला सांगायचं. दहा मिनिटांत सापडले नाहीत, तर टीपा दिसायला आहेत, उपयोगाला नाहीत.

समितीच्या बैठकीत मग एक प्रश्न जवळपास ठरलेलाच असतो. पाचव्या फेरीवर साल छापलंय २०१९-२१, आणि ५४ चे ६९ झालेत. कुणीतरी मान हलवून म्हणतंच, “हे सगळं कोविडमुळे. अंगणवाड्या बंद होत्या ना.” उत्तर पटण्यासारखं असतं, सोयीचंही असतं, कारण कोविड संपला की प्रश्नही संपला. टिपण समोर असलेल्या सदस्याने तेवढ्यात शेवटचं पान उलटलं, तर पहिल्याच टीपेत, आकड्याच्या आणि तक्त्याच्या पुढे, एक ओळ असायला हवी: महाराष्ट्रातलं क्षेत्रकाम सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात झालं, आणि तो टप्पा ३० जानेवारी २०२० रोजी, लॉकडाऊनच्या जवळपास दोन महिने आधी, संपला होता.